प्रवाहाची वाढ आणि क्षेत्रातील ठेव

चारशे किलोव्होल्टच्या उपकेंद्राच्या आवारात, तेलाने भरलेल्या पोलादी टाकीत बंदिस्त केलेला शंट रिॲक्टर नावाचा जो अवजड नग उभा असतो, त्याच्या तपासणीची वेळ आली म्हणजे ज्या निरनिराळ्या कसोट्या घेतल्या जातात त्यांत दिसायला सर्वांत साधी कसोटी गुंडाळीचा रोध मोजण्याची होय. गुंडाळीच्या दोन टोकांना एकदिश दाब द्यावा, वाहणारा प्रवाह अँमीटरवर वाचावा, टोकांमधील दाब व्होल्टमीटरवर वाचावा आणि दाबाला प्रवाहाने भागावे, इतकाच काय तो विधी. ओहमचा नियम शिकलेल्या शाळकरी मुलालाही तो करता यावा. परंतु खटका दाबल्यावर अँमीटरचा काटा एकदम आपल्या जागी जाऊन बसत नाही. तो शून्यापासून निघतो, आरंभी बऱ्या वेगाने चढतो, पुढे मंदावतो, आणि अखेरच्या जागेच्या अगदी समीप आल्यावर तर असा रेंगाळतो, की तो थांबला आहे की अजून सरकतो आहे हे नजरेने ठरवणे कठीण व्हावे. या दिरंगाईचे कारण काय, ती किती काळ टिकते, आणि त्या अवधीत उद्गमाकडून निघालेली ऊर्जा कोठे जाते, हे नीट समजल्याखेरीज ही साधी कसोटीही बिनचूक पार पडत नाही. आणि ते समजल्याखेरीज कसोटी संपवताना खटका उघडणे तर सरळसरळ धोक्याचे असते.

रिॲक्टर हा तत्त्वतः लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे होय. लांब पल्ल्याच्या वाहिनीवर भार कमी असला की वाहिनीच्या स्वतःच्या धारकत्वामुळे तिच्या दूरच्या टोकाचा दाब अकारण वाढू लागतो, आणि त्या वाढीला आवर घालण्यासाठी हे वेटोळे वाहिनीला जोडलेले असते. ४२० किलोव्होल्ट व ५० मेगाव्हार ही अशा रिॲक्टरची एक नेहमी आढळणारी क्षमता आहे. एवढ्या दोन आकड्यांवरून त्याचे प्रवर्तकत्व काढता येते: दाबाच्या वर्गाला क्षमतेने भागले की प्रत्येक फेजचा प्रतिरोध सुमारे ३,५३० ओहम येतो, आणि सेकंदाला ५० आवर्तनांच्या हिशेबाने त्याला ३१४ ने भागले की ११.२ हेन्री हे प्रवर्तकत्व मिळते. तांब्याच्या तारेचा निव्वळ रोध त्या मानाने अगदी अल्प असतो. तो आपण उदाहरणासाठी ५.६ ओहम धरू, आणि कसोटीचा उद्गम २८ व्होल्टवर स्थिर ठेवला आहे असे मानू. ओहमच्या नियमाप्रमाणे अखेरचा प्रवाह ५ अँपिअर व्हावयास हवा, आणि तो होतोही. प्रश्न आहे तो केव्हा होतो इतकाच.

वेटोळ्यातून प्रवाह वाहू लागला की त्याच्याभोवती व गाभ्यात चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, आणि प्रवाह वाढेल तसतसे ते क्षेत्रही वाढते. आता १८३१ साली फॅरडेने दाखवून दिले होते, की वेटोळ्याला वेढून असणारे क्षेत्र बदलत असेल तर त्या वेटोळ्यात दाब उत्पन्न होतो. हे बदलते क्षेत्र दुसऱ्या कोणा चुंबकाचे आहे की त्या वेटोळ्याच्या स्वतःच्याच प्रवाहाचे आहे, याची निसर्गाला काहीच तमा नाही. म्हणून प्रवाह वाढू लागताच वेटोळे स्वतःमध्येच एक दाब उत्पन्न करते, आणि तो दाब त्या वाढीच्या विरुद्ध दिशेने उभा राहतो. या विरोधाचे परिमाण प्रवाह किती आहे यावर मुळीच अवलंबून नसते, ते प्रवाह किती वेगाने बदलतो आहे यावर अवलंबून असते. बदलाचा वेग सेकंदाला १ अँपिअर असताना १ व्होल्ट विरोध उभा करणाऱ्या वेटोळ्याचे प्रवर्तकत्व १ हेन्री. तेव्हा कोणत्याही क्षणी उद्गमाच्या दाबाची वाटणी दोघांत होते: एक वाटा तारेच्या रोधाचा, दुसरा क्षेत्राच्या वाढीचा.

V = iR + L·(di/dt)

या एका ओळीत काट्याच्या सगळ्या वर्तनाचा उलगडा आहे. खटका दाबला त्या क्षणी प्रवाह शून्य, म्हणून रोधाचा वाटाही शून्य, आणि २८ च्या २८ व्होल्ट क्षेत्राच्या वाढीला मिळतात; प्रवाह सेकंदाला २८ भागिले ११.२, म्हणजे २.५ अँपिअर या वेगाने चढू लागतो. हाच वेग कायम राहिला असता तर दोन सेकंदांत ५ अँपिअरचा पल्ला गाठला गेला असता. परंतु प्रवाह जसजसा वाढतो तसतसा रोध आपला वाटा अधिकाधिक मागू लागतो, क्षेत्राच्या वाट्याला कमी व्होल्ट उरतात, आणि म्हणून चढण मंदावते. मंदावलेली चढणही पुढे रोधाचा वाटा वाढवीतच राहते, आणि त्यामुळे आणखी मंदावते. ज्या राशीच्या वाढीचा वेग उरलेल्या अंतराच्या प्रमाणात असतो, ती राशी आपल्या गंतव्याला तत्त्वतः कधीच पोहोचत नाही, फक्त त्याच्या हवी तितकी समीप जाते. अशा वाढीचे गणिती रूप हेल्महोल्ट्झने १८५१ साली मांडले, ते असे:

i = (V/R)·(1 − e^(−t/τ)), τ = L/R

प्रवर्तकत्वाला रोधाने भागून मिळणारा हा τ, ज्यास कालस्थिरांक म्हणतात, तो आपल्या रिॲक्टरच्या बाबतीत ११.२ भागिले ५.६, म्हणजे बरोबर २ सेकंद आहे. एका कालस्थिरांकात प्रवाह अंतिम मूल्याच्या ६३.२ टक्के होतो, दुसऱ्यात उरलेल्या अंतराचे पुन्हा ६३.२ टक्के कापतो, आणि असेच पुढे. त्यामुळे २ सेकंदांनी काटा ३.१६ अँपिअर दाखवील, ४ सेकंदांनी ४.३२, ६ सेकंदांनी ४.७५, आणि १० सेकंदांनी ४.९७ च्या किंचित अलीकडे.

आता घाईने घेतलेल्या नोंदीची गत काय होते ती पाहा. दोन सेकंदांनी जर कोणी आकडे टिपून घेतले तर २८ ला ३.१६ ने भागून तो रोध ८.८६ ओहम लिहील, म्हणजे खऱ्याच्या जवळजवळ दीडपट. सहा सेकंदांनी घेतलेली नोंद ५.८९ ओहम सांगेल, जी वरकरणी विश्वसनीय वाटते, परंतु तीही ५ टक्क्यांहून अधिक चढी आहे. दहा सेकंदांनी, म्हणजे पाच कालस्थिरांक उलटल्यावर, चूक सुमारे ०.७ टक्क्यावर येते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला साधारण ०.४ टक्के बदलतो हे लक्षात घेतले तर ही उरलेली चूक तापमान पावणेदोन अंशांनी चुकीचे वाचण्याइतकी आहे, आणि कारखान्याच्या मूळ नोंदीशी तुलना करून एखादा सांधा सैल झाला आहे काय असे ठरवू पाहणाऱ्याला तीही खटकण्याजोगी असते. या चुकीची ओळख अशी, की ती नेहमी एकाच बाजूला पडते: अपुऱ्या प्रतीक्षेने मोजलेला रोध नेहमी खऱ्याहून अधिकच येतो, कारण क्षेत्राच्या वाढीला दिलेले व्होल्टही आपण रोधाच्या नावे लिहीत असतो. म्हणून एक नोंद घेऊन थांबू नये. काही सेकंदांच्या अंतराने लागोपाठ नोंदी घ्याव्यात, आणि रोध प्रत्येक वेळी थोडा थोडा उतरतच असेल तर प्रवाह अजून स्थिरावलेला नाही असे खुशाल समजावे.

येथवर आपण फक्त दाबाची वाटणी पाहिली. परंतु त्याच समीकरणाला दोन्ही बाजूंनी प्रवाहाने गुणले की तेच ऊर्जेचे खाते होते, आणि माझ्या मते या विषयाचे खरे मर्म त्या खात्यातच आहे. डावीकडे उद्गमाने दर सेकंदाला दिलेली ऊर्जा येते. उजवीकडचे पहिले पद तारेत उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते आणि परत येत नाही. दुसरे पद क्षेत्रात जमा होते आणि, पुढे आपण पाहू त्याप्रमाणे, पै न पै परत मिळते. आरंभीच्या क्षणी प्रवाह शून्य असल्याने देवघेव काहीच नसते. प्रवाह अडीच अँपिअरवर, म्हणजे अंतिम मूल्याच्या निम्म्यावर येतो तेव्हा, सुमारे १.४ सेकंदांनी, उद्गम ७० वॉट देत असतो; त्यांतले ३५ उष्णतेत जातात व ३५ क्षेत्रात, आणि क्षेत्रात ऊर्जा जमा होण्याचा वेग या क्षणी सर्वाधिक असतो. पुढे उद्गम अधिकाधिक देत जातो, पण क्षेत्राचा वाटा आटत जातो, आणि अखेरीस १४० वॉटच्या १४० वॉट केवळ तार तापवण्यात खर्च होतात. पहिल्या दहा सेकंदांचा ताळेबंद मांडला तर उद्गमाने एकूण १,१२२ ज्यूल दिले, ९८४ उष्णतेत गेले आणि १३८ क्षेत्रात शिल्लक राहिले, असे आढळते.

ही शिल्लक थेट काढण्याची रीत आणखी सुबक आहे. क्षणभर रोध विसरून प्रवाह सेकंदाला २.५ अँपिअर या अढळ वेगाने ० पासून ५ पर्यंत नेला असे मानू. त्या दोन सेकंदांत विरोधी दाब सतत २८ व्होल्ट राहतो, प्रवाह सरासरी अडीच अँपिअर असतो, आणि म्हणून केलेले कार्य २८ गुणिले २.५ गुणिले २, म्हणजे १४० ज्यूल होते. वेग दुप्पट केला तर विरोधी दाब दुप्पट होतो पण अवधी निम्मा होतो, आणि गुणाकार तोच राहतो. म्हणजे ही ऊर्जा प्रवाह किती घाईने वा किती सावकाश वाढवला यावर अवलंबून नसून केवळ तो कोठवर पोहोचला यावर अवलंबून असते. अक्षरांत लिहायचे तर ती प्रवर्तकत्व गुणिले प्रवाहाचा वर्ग, भागिले दोन.

U = ½·L·I²

त्यातला अर्धा कोठून आला हेही वरच्याच हिशेबात दिसते: प्रवाह शून्यापासून चढत असल्याने त्याची सरासरी अखेरच्या मूल्याच्या निम्मी असते. आणि काटा का रेंगाळतो याचेही उत्तर आता दाबाच्या भाषेऐवजी ऊर्जेच्या भाषेत देता येते. ५ अँपिअरच्या प्रवाहाबरोबर १४० ज्यूलची ठेव अविभाज्यपणे जडलेली आहे. मर्यादित दाबाच्या उद्गमाला ती एका क्षणात भरता येत नाही, आणि जोवर ती भरली जात नाही तोवर तो प्रवाह अस्तित्वात येऊ शकत नाही.

पण ही ठेव आहे कोठे? तारेत ती नाही. विल्यम टॉमसनने १८५० नंतरच्या दशकात प्रवाहाच्या या ऊर्जेचा हिशेब मांडला, आणि १८६५ साली मॅक्सवेलने तिचे स्थान निःसंदिग्धपणे क्षेत्रात, म्हणजे वेटोळ्याच्या आतील व भोवतालच्या अवकाशात दाखवले. क्षेत्राच्या प्रत्येक घनमीटरमध्ये किती ऊर्जा असते हे क्षेत्राच्या तीव्रतेच्या वर्गावर आणि माध्यमाच्या पार्यतेवर ठरते, आणि येथे एक गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते: ज्या माध्यमातून क्षेत्र सहज जाते तेथे ऊर्जा कमी साठते. दीड टेस्ला इतके क्षेत्र गाभ्याच्या चांगल्या पोलादात असेल, आणि त्या पोलादाची पार्यता हवेच्या पाच हजार पट धरली, तर एका घनमीटरमध्ये सुमारे १८० ज्यूल असतात. तेच दीड टेस्ला रिकाम्या अवकाशात असेल तर तेवढ्याच आकारमानात जवळजवळ नऊ लाख ज्यूल असतात.

म्हणूनच रिॲक्टरचा गाभा सलग नसतो. त्याचा खांब पोलादाच्या चकत्यांनी रचलेला असतो आणि दोन चकत्यांमध्ये चिनीमातीचे वा तत्सम अचुंबकीय ठोकळे ठेवून जाणूनबुजून फटी राखलेल्या असतात. ऊर्जेची ठेव या फटींत असते. पोलादाचे काम क्षेत्राला फटींपर्यंत आणून पोहोचवण्याचे. रिॲक्टर वाहिनीवर चालू असताना एका फेजचा प्रवाह शिखरावर सुमारे ९७ अँपिअर असतो आणि त्या क्षणी क्षेत्रात ५३,००० ज्यूल असतात, जे एका सेकंदात शंभर वेळा भरले जातात आणि शंभर वेळा वाहिनीला परत दिले जातात. दीड टेस्लाच्या हिशेबाने एवढी ऊर्जा सामावण्यास सुमारे साठ लिटर आकारमानाच्या फटी पुरतात. शेजारीच उभ्या असलेल्या ५० मेगाव्होल्ट-अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरशी तुलना करा: त्याचा गाभा सलग, फटी जवळजवळ नाहीत, आणि भार नसताना त्याचा चुंबकन-प्रवाह पूर्ण प्रवाहाच्या ०.२ टक्के धरला तर एका फेजच्या क्षेत्रातील ऊर्जा जेमतेम शंभर ज्यूल भरते. दोघांची क्षमता अंकांनी सारखी, पण एकाला ऊर्जा साठवायची आहे आणि दुसऱ्याला ती न साठवता पलीकडे पोहोचवायची आहे. त्यांच्या गाभ्यांतील फरक या एका हेतुभेदातून आलेला आहे.

प्रतीक्षेचा अवधी कमी करण्याची एक जुनी युक्ती आहे, आणि कालस्थिरांकाचे सूत्र समजलेल्याला ती स्वतःहून सुचावी. प्रवर्तकत्व आपल्या हातात नाही, पण परिपथाचा एकूण रोध वाढवणे हातात आहे. गुंडाळीच्या मालिकेत बाहेरून २२.४ ओहमचा रोधक जोडला तर एकूण रोध २८ ओहम होतो आणि कालस्थिरांक २ सेकंदांवरून ०.४ सेकंदावर येतो. अर्थात प्रवाह तोच ५ अँपिअर हवा असेल तर उद्गम १४० व्होल्टचा लागेल. तसा घेतला म्हणजे आरंभीची चढण सेकंदाला साडेबारा अँपिअर होते आणि दहा सेकंदांचे काम दोन सेकंदांत उरकते. क्षेत्रातील ठेव मात्र तीच १४० ज्यूल राहते. व्होल्टमीटर येथे केवळ गुंडाळीच्या टोकांवर लावायचा असतो, आणि त्याने आरंभी १४० व्होल्टपर्यंतचा दाब सोसला पाहिजे, कारण पहिल्या क्षणी उद्गमाचा सगळा दाब गुंडाळीवरच पडतो.

हा सगळा हिशेब प्रवर्तकत्व अचल आहे या गृहीतावर उभा आहे, आणि फटी असलेल्या रिॲक्टरला ते गृहीत मानवते. ट्रान्सफॉर्मरला ते मानवत नाही. वर तुलनेस घेतलेल्या १३२ किलोव्होल्टच्या, ५० मेगाव्होल्ट-अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरचे एका फेजचे प्रवर्तकत्व त्याच चुंबकन-प्रवाहावरून काढले तर ते साडेपाचशे हेन्रीच्या घरात जाते. तारा व जोडण्या धरून परिपथाचा रोध १.२ ओहम आणि उद्गम १२ व्होल्टचा असेल, तर कालस्थिरांक साडेसात मिनिटांहून अधिक येतो, आणि पाच कालस्थिरांकांची प्रतीक्षा करायची तर अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागेल असे सूत्र बजावते. प्रत्यक्षात घडते ते निराळेच. पहिले अर्धे मिनिट काटा शून्याच्या जवळच घुटमळतो, प्रवाह अर्ध्या-पाऊण अँपिअरपलीकडे जात नाही, आणि मग अकस्मात तो वेगाने चढून अल्पावधीत १० अँपिअरजवळ येतो.

याचे कारण पोलादाच्या मर्यादेत आहे. गुंडाळीच्या वाट्याला आलेला दाब गुणिले तो टिकलेला काळ, या गुणाकाराने गाभ्यातील अभिवाह वाढत असतो. आणि या ट्रान्सफॉर्मरचा गाभा आपल्या नित्याच्या कामात शिखरावर सुमारे ३४३ व्होल्ट-सेकंद इतकाच अभिवाह वाहण्यासाठी बेतलेला आहे. १२ व्होल्टच्या दाबाने तेवढी भरती व्हायला साधारण २९ सेकंद लागतात. त्यानंतर थोड्याच अवधीत पोलाद संपृक्त होते, म्हणजे प्रवाह कितीही वाढवला तरी अभिवाह नाममात्रच वाढतो. आणि अभिवाह वाढत नाही म्हणजे विरोधी दाबही उरत नाही. साडेपाचशे हेन्रीचे वेटोळे पाहता पाहता अल्प प्रवर्तकत्वाचे होऊन जाते. घातांकी वक्राच्या जागी येथे एक लांब सपाटी, मग एक उभी चढण आणि शेवटी पुन्हा सपाटी अशी आकृती मिळते. पहिली सपाटी म्हणजेच प्रवाह स्थिरावला असे समजून जर कोणी नोंद घेतली, तर त्याचा रोध खऱ्याच्या दहापट आणि त्याहूनही अधिक निघेल. गाभ्यावर त्रिकोणी जोडणीची आणखी एक गुंडाळी असेल तर तिच्या बंद वळशात प्रवाह फिरत राहतो आणि अभिवाहाच्या बदलाला अडवून धरतो. अशा ठिकाणी प्रतीक्षा आणखी लांबते, आणि संयमाला पर्याय नसतो.

आता खटका उघडण्याविषयी, कारण अपघात होतात ते बहुधा येथेच. रिॲक्टरमध्ये ५ अँपिअर वाहत आहेत आणि क्षेत्रात १४० ज्यूल आहेत. प्रवाह तोडायचा म्हणजे ही ठेव कोणालातरी परत घ्यावी लागणार, आणि परिपथ उघडून आपण तिच्या परतीची वाटच बंद करू पाहतो. क्षेत्र ओसरू लागते, आणि ओसरताना प्रवाह टिकवून धरण्याच्या दिशेने दाब उत्पन्न करते. प्रवाह एका मिलिसेकंदात शून्यावर आणायचा झाला तर तो दाब ११.२ गुणिले ५ भागिले ०.००१, म्हणजे ५६,००० व्होल्ट व्हावयास हवा. २८ व्होल्टच्या उद्गमावर काम करणाऱ्याच्या मनात एवढा आकडा येणार नाही, आणि धोका नेमका त्यातच आहे. व्यवहारात दाब इतका चढण्यापूर्वीच खटक्याच्या दोन टोकांमधील हवा फुटते, ठिणगीची कमान पेटते, आणि ठेव त्या कमानीत जळून जाते. परंतु कमानीऐवजी टोके धरलेले हात मध्ये असतील, तर ती ऊर्जा त्या देहातून वाट काढते.

इतिहासातही हा विषय तुटणाऱ्या परिपथातूनच पुढे आला. अमेरिकेतील ऑल्बनी येथे अध्यापन करणाऱ्या जोसेफ हेन्रीच्या ध्यानात आले होते, की घटाची दोन टोके फूटभर आखूड तारेने जोडून ती सोडवली तर ठिणगी पडत नाही, पण तीसचाळीस फूट लांबीची तार लावली असता सोडवताना लखलखीत ठिणगी पडते, आणि तारेचे वेटोळे केले तर ती आणखी प्रखर होते. हे निरीक्षण त्याने १८३२ साली प्रसिद्ध केले. इंग्लंडात विल्यम जेन्किन नावाच्या गृहस्थाने फॅरडेला कळवले, की एकट्या घटाचे टोक हातात धरून काही होत नाही, परंतु विद्युत्चुंबकाचे वेटोळे जोडून ते सोडवताना सणसणीत धक्का बसतो. त्या सूचनेवरून फॅरडेने १८३४ च्या अखेरीस स्वतःच्याच प्रवाहाने होणाऱ्या या प्रवर्तनाचा सविस्तर शोध घेतला. पुढे १८९३ साली शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत् परिषदेत प्रवर्तकत्वाच्या एककाला हेन्रीचे नाव मुक्रर झाले.

परतीची वाट राखण्याचा योग्य उपाय असा, की उद्गम तोडण्यापूर्वी गुंडाळीच्या टोकांना एक पर्यायी मार्ग जोडून ठेवावा. केवळ जाड तारेने टोके जोडली तर प्रवाह गुंडाळीच्या स्वतःच्या रोधातून त्याच दोन सेकंदांच्या कालस्थिरांकाने ओसरतो. चढताना दहा सेकंद लागले तर उतरतानाही तितकेच लागणार. लवकर उतरवायचा असेल तर त्या मार्गात रोधक घालावा. २२.४ ओहमचा रोधक घातल्यास कालस्थिरांक ०.४ सेकंद होतो, पण पहिल्या क्षणी टोकांवर ५ गुणिले २२.४, म्हणजे ११२ व्होल्ट येतात. जितकी घाई अधिक तितका दाब अधिक. या व्यवहारात सूट नाही, आणि म्हणून रोधक निवडणे म्हणजे गुंडाळीने, उपकरणांनी आणि माणसांनी सोसण्याजोगा दाब प्रथम ठरवून मग वेळ किती लागेल ते मान्य करणे होय. याच कारणाने व्होल्टमीटर नेहमी प्रवाह तोडण्यापूर्वी काढून घेण्याचा दंडक आहे. प्रवाह तुटताना तो जागेवर राहिला आणि दुसरी वाट नसली, तर ५ अँपिअर त्याच्या हजारो ओहमच्या अंतर्गत रोधातून जाऊ पाहतात आणि मीटर त्या क्षणी निकामी होतो.

प्रवाह शून्यावर आला, अँमीटर शांत झाला, टोके भूमीला जोडली, म्हणजे रिॲक्टरचे काम संपले. फटींमुळे त्याच्या गाभ्यात चुंबकत्व उरत नाही म्हटले तरी चालेल. ट्रान्सफॉर्मरचे तसे नाही. त्याच्या सलग गाभ्यात, एकदिश प्रवाहाने एका बाजूला संपृक्त झाल्यावर, प्रवाह निघून गेला तरी अभिवाहाचा मोठा अंश मागे राहतो. अशा ट्रान्सफॉर्मरला पुन्हा वाहिनीवर घेताना पहिल्याच आवर्तनात दाबाने आणलेला अभिवाह या मागील बाकीत भर टाकील, अशी वेळ सापडली तर पोलाद खोलवर संपृक्त होते, प्रवर्तकत्व नाहीसे झाल्यासारखे होते, आणि पूर्ण भाराच्या कित्येक पट प्रवाह आत घुसून संरक्षक रिले विनाकारण सुटू शकतो. म्हणून रोधाची कसोटी शक्यतो इतर विद्युत् कसोट्यांच्या शेवटी घ्यावी, आणि तिच्यानंतर गुंडाळीला उलट दिशेने आधीपेक्षा कमी प्रवाह द्यावा, मग पुन्हा सुलट दिशेने त्याहूनही कमी, आणि असे दिशा पालटत व परिमाण घटवीत प्रवाह नगण्य होईपर्यंत जावे. प्रत्येक पालटाच्या वेळी आधीचा प्रवाह रोधकातून पुरता ओसरू द्यावा आणि मगच जोडणी उलटवावी. विधी पूर्ण झाल्यावर कमी दाबाने चुंबकन-प्रवाह मोजून तो कसोटीपूर्वीच्या नोंदीशी ताडून पाहिला, की गाभा निर्बाकी झाला किंवा नाही हे कळते.